वेलांटीचा फराटा आणि ओसीआरची चूक

पुस्तकाचे स्वच्छ छापलेले पान ओसीआर, म्हणजे चित्रातील मजकूर ओळखणारी संगणकप्रणाली, बहुतेक वेळा फारशी न चुकता वाचते. मात्र पोस्टरवर सुलेखनात रेखाटलेला एकच शब्द तिला चकवू शकतो. अक्षरांचे वळण अनोळखी असते, असे याचे कारण सांगितले जाते आणि ते खोटे नसले तरी अपुरे आहे. प्रणालीची रचनाच काही गृहीतकांवर उभी असते: शब्दाची अक्षरे साधारण सारख्या उंचीची असतील, ती डावीकडून उजवीकडे क्रमाने येतील आणि प्रत्येक चिन्ह आपापल्या अक्षराला लागून असेल. सुलेखनात सौंदर्य साधले जाते ते अनेकदा नेमकी हीच गृहीतके मोडून.

उदाहरणासाठी पोस्टरवर ‘किनारा’ हा शब्द आहे असे समजू. सुलेखनकाराने पहिल्या वेलांटीचा उभा दंड डावीकडे काढला आहे, पण तिची कमान ‘क’वर न थांबवता संपूर्ण शब्दावरून उंच नेऊन शेवटच्या ‘रा’च्या कान्यावर उतरवली आहे. ‘र’चा पायही खाली लांबवला आहे. माणसाला ही रचना देखणी वाटते आणि शब्द वाचायलाही फारसा वेळ लागत नाही. प्रणालीच्या वाट्याला मात्र यातून काय येते, ते टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे.

पहिली अडचण उंचीची. शब्द ओळखणाऱ्या अनेक प्रणाली शब्दाभोवतीची चौकट कापून घेतात आणि ती एका ठरावीक उंचीला आणतात. 2015 साली मांडलेल्या आणि पुढे फार वापरल्या गेलेल्या ‘सीआरएनएन’ या रचनेत ही उंची 32 पिक्सेल आहे. आपल्या शब्दात अक्षरांचा मुख्य भाग 100 पिक्सेल उंच, त्यावरची कमान आणखी 150 पिक्सेल वर आणि ‘र’चा पाय 70 पिक्सेल खाली गेला असेल, तर चौकटीची एकूण उंची 320 पिक्सेल होते. ती 32 वर आणली की सगळेच दहापटीने लहान होते आणि मुख्य अक्षरांना जेमतेम 10 पिक्सेल उरतात. तोच शब्द साध्या टंकात असता, तर कमानीसह उंची 150 च्या आसपास राहिली असती आणि अक्षरांना 20 पिक्सेल मिळाले असते. शिवाय तिरप्या कापलेल्या निबेने काढलेल्या अक्षरात जाड आणि बारीक रेषांचा खेळ असतो. मुळात 4 पिक्सेल जाडीची बारीक रेषा दहापटीने लहान झाल्यावर अर्ध्या पिक्सेलचीही राहत नाही. ती करड्या छटेत विरून जाते. म्हणजे ज्या फराट्याने शब्दाला डौल दिला, त्याच फराट्याने त्याची अक्षरे पुसट केली.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. ‘सीआरएनएन’सारखी प्रणाली लहान केलेल्या चित्राच्या सुमारे चार-चार पिक्सेल अंतरावरच्या उभ्या पट्ट्या विचारात घेते आणि प्रत्येक पट्टीपाशी कोणते चिन्ह असावे याचा अंदाज बांधते. पट्टी शेजारचा भागही पाहते, पण तिची मुख्य साक्ष जवळपासच्या आकारांची असते. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते, संगणकात मात्र ती अक्षरानंतर साठवली जाते. म्हणून प्रणालीला डावीकडचा दंड लक्षात ठेवून आधी ‘क’ आणि मग वेलांटी असा क्रम लावावा लागतो. साध्या टंकातील भरपूर नमुन्यांवरून हे ती शिकते, कारण तिथे दंड, कमान आणि अक्षर एकमेकांना लागून असतात.

आपल्या पोस्टरवर डावीकडे दंड दिसतो, पण त्याच्यापासून निघालेली कमान ‘क’वर येऊन थांबत नाही, म्हणून तो दंड सुटा, निरर्थक वाटू शकतो. उजव्या टोकाला याच्या उलट होते. तिथे ‘र’ आहे, त्याच्यापुढे उभा दंड आहे आणि त्या दंडावर डावीकडून येऊन टेकलेली कमान आहे. स्थानिक पुराव्यावरून हे ‘री’च आहे. त्यामुळे पट्ट्यांवरून तयार होणारे वाचन ‘कनारी’ असे निघण्याचा मोठा संभव आहे.

यानंतर भाषेचा आधार घेणारा टप्पा असेल, तर तो ‘कनारी’ हा अपरिचित शब्द पाहून जवळचा परिचित शब्द शोधतो आणि ‘किनारी’ हे उत्तर देतो. मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण अर्थहीन अक्षरांची रांग पाहून वाचणारा सावध होतो, तर ‘किनारी’ हा शुद्ध, रुळलेला शब्द असल्यामुळे कोणालाही शंका येत नाही. बोधचिन्हांतही असेच घडते. ‘रंग’ या शब्दातील अनुस्वाराच्या जागी एखादे फूल काढले, तर मजकूर कुठे आहे हे शोधणारा टप्पा त्या फुलाला चित्र समजून चौकटीबाहेर ठेवू शकतो. उरलेला ‘रग’ हाही मराठी शब्दच असल्याने पुढचा टप्पा त्याला हरकत घेत नाही.

जुन्या पद्धतींची अडचण निराळी होती. देवनागरीसाठीच्या अनेक जुन्या प्रणाली सर्वाधिक काळे ठिपके असलेली आडवी ओळ शोधून तिला शिरोरेषा मानत, ती पुसत आणि मग सुटी झालेली अक्षरे ओळखत. शिरोरेषा लाटेसारखी, तिरपी किंवा मुळातच नसलेली असेल, तर अशी आडवी ओळ सापडतच नाही. शिरोरेषेशिवाय ‘घ’ आणि ‘ध’, तसेच ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरकही मुख्यतः एका लहान गाठीवर येऊन ठेपतो.

वाकलेल्या मजकुरावर उपाय निघाले आहेत. शब्द कमानीत लिहिला असेल, तर वाचण्याआधी चित्र ताणून-दाबून ओळ सरळ करणारा टप्पा जोडता येतो आणि तो चांगले काम करतो. पण तो संपूर्ण ओळीचा बाक काढतो. ओळ सरळच असून एकच रेषा दूरवर गेली असेल, तर सरळ करायला काही उरत नाही. सर्व चित्र एकत्र पाहणाऱ्या नव्या रचना अशा रेषेचा माग अधिक चांगला काढू शकतात, मात्र त्यांचा भाषेवरचा भारही बराच असतो, त्यामुळे ‘किनारी’सारख्या चुकीचा धोका तिथेही राहतो.

प्रणाली कशाच्या आधारे चुकली हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. भाषेची दुरुस्ती बंद ठेवावी, चित्रातील संशयित भाग पार्श्वभूमीच्या रंगाने झाकावा आणि तोच शब्द पुन्हा वाचायला द्यावा. आपल्या उदाहरणात उंच कमान झाकली आणि शेवटचे ‘री’ बदलून ‘रा’ झाले, तर प्रणाली त्या कमानीवरच विसंबून होती हे दिसून येते. कमान गेल्यामुळे चौकटीची उंचीही कमी होते आणि बाकीची अक्षरे ठळक होतात. तरीही आता वाचन ‘कनारा’ असे येईल, कारण पहिल्या वेलांटीची कमान होती ती त्या झाकलेल्या रेषेतच. म्हणून पोस्टरांचा संग्रह शब्दशोधासाठी तयार करताना शीर्षकाचे वाचन ताडून न पाहता स्वीकारू नये. त्याच पोस्टरवर साध्या टंकात तेच नाव आणखी कुठे आले असेल, तर त्याच्याशी ते ताडून पाहावे आणि दोन्हींत तफावत आढळली, तर ते पोस्टर माणसाच्या नजरेखालून घालावे.