वर्षात नोकरी बदलली असेल तर रिटर्नमध्ये पगार कसा भरायचा

शिरोली एमआयडीसीतली नोकरी सोडून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत गेलेल्या इंजिनिअरचं उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष 2025-26, नवी करप्रणाली. एप्रिल ते ऑगस्ट जुन्या कंपनीत 5,20,000 रुपये पगार आणि सप्टेंबर ते मार्च नव्या कंपनीत 8,00,000. दोन्ही कंपन्यांनी टीडीएस कापलेला नाही, कारण प्रत्येकीने फक्त आपलाच पगार धरला.

दोन्ही फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये 75,000 ची प्रमाणित वजावट करून करपात्र पगार दिलेला असतो. एकात 4,45,000, दुसऱ्यात 7,25,000. बहुतेक जण हेच आकडे मिळवतात, बेरीज 11,70,000 येते. 12 लाखांच्या आत असल्यामुळे कर शून्य दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण प्रमाणित वजावट माणशी वर्षाला एकदाच मिळते, कंपनीगणिक नाही.

म्हणून भाग ब मधला सर्वांत वरचा आकडा, कलम 17(1) खालचा एकूण पगार, घ्यायचा. रिटर्नमध्ये `Gross Salary` खाली 5,20,000 आणि 8,00,000 मिळून 13,20,000 भरायचे. त्यातून 75,000 एकदाच वजा झाले की उरतात 12,45,000. दरांप्रमाणे कर 66,750 होतो. मात्र 12 लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त कर घेता येत नाही, या सवलतीमुळे तो 45,000 वर थांबतो. 4 टक्के उपकर धरून 46,800. आगाऊ कर भरलेला नसल्याने व्याजही लागेल. नव्या कंपनीत रुजू होतानाच फॉर्म 12ब मध्ये आधीचा पगार कळवला असता, तर हा कर दरमहा थोडा थोडा कापला गेला असता.

वजावटींच्या रकान्यात नव्या प्रणालीत फारसं काही नसतं. पगारातून कापलेला 2,500 चा व्यवसाय कर, स्वतःचा पीएफ, एलआयसीचा हप्ता यांपैकी काहीच इथे चालत नाही. पगारपत्रकावर कपात दिसते म्हणून ती भरू नका. कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम मात्र मर्यादेत वजा होते. ती आधी पगारात धरलेली आहे ना, हे फॉर्म 16 मध्ये पाहा.

हा अर्ज आयटीआर-1 मध्ये बसतो, एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत असेल आणि धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर. जवळ हवेत पॅन, आधार, दोन्ही फॉर्म 16, पगारपत्रकं, 26एएस आणि एआयएस, म्हणजे तुमच्या नावावरचा कर आणि उत्पन्न दाखवणारी आयकर खात्याची विवरणं. टीडीएस शून्य असेल तर कंपनीवर फॉर्म 16 देण्याचं बंधन नसतं. अशा वेळी जुन्या कंपनीकडून वर्षाचं पगार विवरण मागून घ्या. पोर्टलवर आधीच भरून आलेला आकडा एकाच कंपनीचा असू शकतो, तो तसाच ठेवू नका. एआयएसमध्ये जुना पगार दिसत नसला तरी दाखवावाच लागतो. उलट, एआयएसमधला आकडा फॉर्म 16 पेक्षा जास्त असेल तर आधी कंपनीच्या अकाउंट विभागाला विचारा. चूक त्यांची असेल तर टीडीएसचं विवरण त्यांनीच दुरुस्त करायचं असतं.

रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर ते ग्राह्य धरलं जात नाही.