सुरण, अरबी, रताळं, कोनफळ: फोटोत कड्या दिसल्या का ते बघा

मागच्या आठवड्यात माझ्या भाचीनं कॉटन मार्केटातनं एक फोटो पाठवला. चार ढीग होते आणि खाली प्रश्न होता, "मामा, यातलं रताळं कोणतं, अन् घसा कशानं खाजतो?" ती नवीनच स्वयंपाक शिकतेय आणि घरी उपवास होता. इंग्रजीत तर नावांचा आणखीनच घोळ आहे, टॅरो आणि कोलोकेशिया ही दोन वेगळी कंदं आहेत असं खूप जणांना वाटतं पण ती एकच वनस्पती आहे, आपली अरबी. कुणी अळकुड्या म्हणतं, तिच्याच पानाला आपल्याकडे चमकोरा किंवा धोपा म्हणतात. गड्डा मोठा असला काय नि छोट्या गाठी असल्या काय, झाड तेच.

फोटो झूम करून मी आधी कड्या शोधतो. अरबीच्या अंगावर गोल गोल कड्या असतात, वर तपकिरी केसाळ साल. त्या कड्या म्हणजे पानं गळून पडल्याच्या खुणा, कारण अरबी हे मूळ नाही, जमिनीखालचं खोड आहे. सुरणही खोडच, पण मोठा चपटा गड्डा, काळपट खडबडीत, मधे कोंब फुटतो तिथे खळगा, आणि दुकानदार बहुतेक कापूनच ठेवतो तेव्हा आतला पिवळसर-गुलाबी गर दिसतो. रताळं मात्र खरं मूळ आहे, त्यावर कड्या नसतात, साल पातळ, लालसर किंवा पांढरी, दोन्ही टोकं निमुळती. कोनफळ वेडंवाकडं, साल झाडाच्या सालीसारखी, आत पांढरं नाहीतर मस्त जांभळं. फोटोत आकार कळत नाही म्हणून मी भाचीला बाजूला लिंबू ठेवून पुन्हा फोटो काढायला सांगितलं, तेव्हा समजलं की ज्याला ती बटाटा समजत होती ती अरबी होती.

आता खाज. रताळं कच्चं खाल्लं तरी घसा खाजत नाही, त्याचं कुळच वेगळं. सुरण आणि अरबी एकाच कुळातले, आणि त्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. काही खास पेशींमध्ये शेकडो सुया काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या जुडी करून ठेवलेल्या, दोन्ही टोकांना धार. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, म्हणजे डोळ्यांना दिसायच्या नाहीत. आपण चावलं की पेशी फुटते आणि सुया जिभेत, घशात घुसतात. पण गंमत अशी की नुसत्या सुयांनी एवढी आग होत नाही! सुयांच्या जोडीला प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, सुईनं भोक पाडायचं आणि त्या भोकातून एन्झाइमनं आत जाऊन जळजळ करायची. 2014 साली जपानी संशोधकांनी किवी फळातल्या अशाच सुया घेऊन रेशमाच्या एका जातीच्या अळ्यांवर करून पाहिलं. एकट्या सुया खाऊ घातल्या तर फारसं काही झालं नाही, एकटं एन्झाइम दिलं तरी तेच, दोन्ही एकत्र दिल्यावर मात्र अळ्या मेल्या. मला हा प्रयोग फार आवडतो कारण शिजवल्यावर खाज का जाते ते यातून उलगडतं. उकळत्या पाण्यात सुया विरघळत नाहीत, त्या तशाच राहतात, पण एन्झाइम हे प्रथिन आहे आणि ते उष्णतेनं बिघडतं. सुई राहते, विष जातं म्हणा ना.

म्हणूनच चूक कुठे होते ते बघा. माझ्याच घरी अरबी एका शिट्टीत काढली, वरून मऊ लागली, चकत्या करून तव्यावर कुरकुरीत केल्या आणि पहिल्याच घासाला घशात टोचायला लागलं. चकती मोडून बघितली तर मध्ये पांढरा कडक ठिपका, तिथपर्यंत उष्णता पोचलीच नव्हती. तव्यानं बाहेरूनच रंग दिला होता. तेव्हापासून सर्वात मोठ्या तुकड्याच्या मध्यात सुरी घालून बघते बायको, अडली तर पुन्हा कुकर. चिंच घालतात ती चांगलीच, पण चिंचेनं सुया विरघळतील म्हणून कमी शिजवलं तर फसाल, उलट आंबटामुळे भाजी मऊ व्हायला वेळ लागतो. कापताना हाताला तेल लावा, त्याचा थर राहतो. आणि सुरण कापताना त्याचं नाव घेतलं तर खाजतं असं आमची आजी सांगायची, आजीवर माझा फार जीव होता पण सुईला नाव ऐकू येत नाही, न बोलता कापलं तरी खाजतंच.

कोनफळातही अशा सुया असतात, त्रास कमी, पण नीट शिजवूनच खायचं. जंगलात सापडलेला कंद मात्र फोटोवरून ओळखू नका, काही रानकंद खरंच विषारी असतात आणि नुसतं शिजवून ते निवळत नाहीत. घसा खाजलाच तर गार दही किंवा दूध हळूहळू घ्या, बरं वाटतं. जीभ सुजली, गिळता येईना किंवा श्वास अडकायला लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ दवाखान्यात जा.

भाचीनं त्या दिवशी रताळी घेतली, आणि अरबी रविवारसाठी.