वहीतले २.३० म्हणजे नक्की किती?

उन्हाळ्यात शेततळ्याचा गाळ काढायला, धुऱ्यावरची झुडपं उपटायला गावात जेसीबी येतो. भाडं तासावर असतं. काम संपलं की ऑपरेटर वहीत लिहितो '२.३०' आणि संध्याकाळी कोणीतरी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर २.३० गुणिले १,२०० करतो. तासाचा दर १,२०० धरला तर उत्तर येतं २,७६० रुपये. यंत्र मात्र अडीच तास चाललेलं असतं आणि अडीच तासांचे ३,००० होतात. गुणाकार बरोबर असूनही २४० रुपये कमी आले.

चूक त्या टिंबात आहे. घड्याळातलं ३० हे साठातलं ३० आहे, कॅल्क्युलेटरला ते शंभरातलं वाटतं. सव्वादोन तास '२.१५' लिहिले तर १२० रुपयांचा फरक पडतो, अडीच '२.३०' लिहिले तर २४० चा आणि पावणेतीन '२.४५' लिहिले तर ३६० चा. प्रत्येक पाव तासामागे तासाच्या दराचा दहावा भाग गळतो. सुरुवातीची वेळ शेवटच्या वेळेतून वजा केली तर हीच चूक उलटीही जाते. पावणेदहाला सुरू, बाराला बंद. कॅल्क्युलेटरवर १२.०० वजा ९.४५ केले की २.५५ येतात आणि शेतकऱ्याकडून ३,०६० रुपये मागितले जातात. तेच तोंडी करा: पावणेदहाला दहा व्हायला पाव कमी, दहा ते बारा दोन, म्हणून सव्वादोन. २,७०० रुपये.

सव्वा, दीड, अडीच हे शब्द जुने, अंदाजाचे, आणि टिंब दिलेला आकडा तेवढा शास्त्रीय, असा एक समज शिकलेल्या घरांतही आहे. तो खरा नाही. 'अडीच' म्हणजे दोन पूर्ण आणि एकाचा अर्धा, मग ते तास असोत, एकर असोत की क्विंटल. '२.३०' मात्र जागा बदलली की अर्थ बदलतं. घड्याळाच्या हिशेबात ते अडीच आहे. एकर-गुंठ्यांत लिहिलं असेल तर दोन एकर तीस गुंठे, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर असल्यामुळे ते पावणेतीन होतात. जेसीबीच्या अवरमीटरवर २.३ चा फरक दिसला तर तिथला शेवटचा आकडा तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटं दाखवतो; ते झाले दोन तास अठरा मिनिटं. शब्दाला असला तिढा नाही, कारण त्यात अपूर्णांक आकड्याने नाही, नात्याने सांगितलेला असतो. हे नातं उलगडून पाहण्यासारखं आहे.

मुळाशी आहे संस्कृतातला 'पाद', म्हणजे पाय. जनावराला चार पाय, म्हणून पाद म्हणजे चौथा भाग. त्याचाच 'पाव' झाला. 'सपाद', म्हणजे पावासह, याचा घासून 'सव्वा' झाला. 'पाद' आणि 'ऊन' मिळून 'पादोन', म्हणजे पावाने कमी. त्याचा 'पाऊण' आणि 'पावणे' झाला. हा 'ऊन' आपल्या ओळखीचा आहे. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस, विसाला एक कमी. पावणेवीस म्हणजे विसाला पाव कमी, एकोणीस आणि पाऊण. शाळेतली मुलं पावणेआठ म्हटलं की सव्वाआठ वाजल्याचं धरतात, कारण 'पाव' आणि 'आठ' एवढंच त्यांच्या कानावर पडतं आणि मधला 'णे' सुटतो. एकोणीस आणि पावणेवीस शेजारी लिहून दाखवले की हा गोंधळ सहसा थांबतो.

'साडे' आला 'सार्ध' म्हणजे अर्ध्यासह, यातून. साडेतीन म्हणजे तीन आणि वर अर्धा. मग साडेएक का नाही, साडेदोन का नाही? कारण दीड आणि अडीच वेगळ्याच रीतीने घडले आहेत, आणि ही रीत मला या सगळ्यात सर्वांत देखणी वाटते. अडीचचं मूळ 'अर्धतृतीय' आहे, म्हणजे 'तिसरा अर्धा'. तीन भाकरी मोजायला घेतल्या. पहिली पूर्ण, दुसरी पूर्ण, तिसरी अर्धीच. एकूण किती हे न सांगता शेवटची कितवी आणि ती अर्धी, एवढंच सांगितलं. दीडही तसाच, 'दुसरा अर्धा'. या रीतीचा साडेतीनही होता: 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. त्याचा मराठीत 'औट' झाला. माणसाचा देह स्वतःच्या हाताने साडेतीन हात भरतो म्हणून संतांच्या वाणीत 'औट हात' येतो, आणि जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांच्या पाठोपाठ साडेतीनचा पाढा 'औटकी' म्हणून घोकून घेत. बोलण्यातून औट गेला, त्याच्या जागी साडेतीन बसला. दीड आणि अडीच इतके रोज लागतात की ते हलले नाहीत, म्हणून 'साडे' तिनापासून सुरू होतो. डॅनिश भाषेत आजही पन्नासला 'हाल्व्हट्रेस' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ 'तिसरा अर्धा' वेळा वीस, म्हणजे अडीच विसा. मोजणीची ही रीत फक्त आपल्याकडची नाही.

हे शब्द कशाचा पाव, कशाचा अर्धा ते स्वतः सांगत नाहीत. ते ठरतं पुढच्या मापावरून. सव्वाशे म्हणजे शंभर आणि शंभराचा पाव, १२५. सव्वा हजार म्हणजे हजार आणि हजाराचा पाव, १,२५०. पाऊणशे म्हणजे ७५, पावणेदोनशे १७५, अडीच लाखातला अर्धा पन्नास हजारांचा. माप तोंडातून गळलं, किंवा अपूर्णांकाचा शब्द एक घर इकडचा तिकडे झाला, की घोटाळा होतो.

कापसाच्या दिवसांत बाजारातून फोन येतो, तेव्हा हेच घडतं.

"काय चालू हाये भाऊ?"

"सव्वासात."

'हजार' कोणी म्हणत नाही, कारण क्विंटलचा भाव शेकड्यात नसतो हे दोघांना माहीत असतं. तिथे अडचण नाही. अडचण येते पुढे, हा निरोप तिसऱ्याला सांगताना. 'सव्वासात हजार' म्हणजे ७,२५०. 'सात हजार सव्वाशे' म्हणजे ७,१२५. शब्द जवळपास तेच आहेत, पण पहिल्यात पाव हजाराचा आहे आणि दुसऱ्यात शंभराचा. साडेबारा क्विंटल कापूस असेल तर पहिल्या भावाने ९०,६२५ रुपये होतात, दुसऱ्याने ८९,०६२ रुपये ५० पैसे. १,५६२ रुपये ५० पैशांचा फरक फक्त सव्वाची जागा बदलल्याने पडला. आणि गाडीच्या आवाजात 'सव्वासात'चा 'पावणेसात' ऐकला गेला तर हिशेब ६,७५० ने होऊन ८४,३७५ वर येतो. सव्वा आणि पावणे यांची अदलाबदल झाली की चूक नेहमी मापाच्या अर्ध्याची असते, इथे क्विंटलमागे पाचशेची. ही खूण लक्षात ठेवली तर नंतरही चूक पकडता येते: दोन वह्यांतला भाव बरोबर पाचशेने वेगळा असेल, तर आधी हा शब्द तपासावा.

खात्री करायची म्हणून बहुतेक जण ऐकलेलाच शब्द परत म्हणतात. "पावणेसात ना?" "हो, हो." यातून फक्त आवाजाची खात्री होते, रकमेची नाही. समोरच्यानेही अर्धवट ऐकलेलं असतं आणि तो 'हो' म्हणून मोकळा होतो. शब्द उलगडून, मापासकट परत म्हणावा: "म्हणजे सहा हजार सातशे पन्नास ना जी?" आता चूक असेल तर समोरच्याला ती टोचते, कारण त्याच्या डोक्यातला आकडा आणि कानावर पडलेला आकडा वेगळ्या रूपात समोरासमोर येतात. उलटही करावं. कोणी '२.३०' दाखवलं तर विचारावं, "अडीच तास म्हणता का?" वहीत लिहिताना टिंब टाळून '२ तास ३० मि.' लिहावं आणि गुणाकार करायच्या आधी मिनिटांना साठाने भागावं. '२ ए. १० गुं.' असेल तर दहाला चाळिसाने भागावं. दोन्ही ठिकाणी पाव आला की तो सव्वादोनच.

'दीड-दोनशे' असा जोडशब्द आला तर तिथे आकडा नाही, टप्पा आहे: दीडशे ते दोनशे. शेवटचा 'शे' दोघांचा असतो. हे ऐकून १५० पोती शिवायला घेऊ नयेत, "नक्की किती धरू?" हे विचारावंच लागतं.

या शब्दांना एक खरी मर्यादाही आहे. ते पावाच्याच पायऱ्यांवर थांबतात. दोन पूर्णांक चार दशांश किंवा सहा दशांश यांना तयार शब्द नाही, म्हणून माणूस जवळची पायरी पकडतो आणि 'अडीच' म्हणून टाकतो. साडेसातीचा साडेही असाच आला आहे. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे २९.४६ वर्षं लागतात. फेरीच्या बारा राशी केल्या तर एका राशीला २.४५ वर्षं येतात. त्यांना अडीच म्हटलं, तीन राशींचे साडेसात केले. नीट गुणलं तर सात वर्षं चार महिने आणि थोडे दिवस होतात. हा एका ग्रहाच्या वेगाचा गोळाबेरीज केलेला हिशेब आहे. त्या काळात सोयाबीन पिवळं पडलं किंवा लेकीचं लग्न लांबलं, तर त्याचं कारण त्या फेरीत सापडत नाही, आणि शांतीच्या खर्चाने ती फेरी लवकर संपत नाही.

शेतीच्या व्यवहारात हाच गोळा अडीच एकरांवर बसतो. सातबारावर १.०० हेक्टर असलं की तोंडी 'अडीच एकर' म्हणतात. नांगरणीच्या बोलण्याला ते चालतं, पण एक हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, दोन एकर आणि जवळपास १८.८ गुंठे. अडीचला वीस हवेत. सव्वा गुंठ्याच्या जरा आत, म्हणजे १,२६० चौरस फुटांच्या आसपास जमीन फक्त शब्दात आहे, शेतात नाही. सौदा एकराच्या भावाने ठरत असेल तर इसार देण्याआधी विचारावं: अडीच एकर मोजून म्हणता, की सातबाऱ्यावरचा एक हेक्टर? दुसरं उत्तर आलं तर पैसे २.४७१ ने गुणावेत.