उत्सव संपला, साइट बंद झाली, पाटी मात्र तशीच राहिली

फेब्रुवारीत बडोद्याच्या कारेलीबागेतल्या एका मावशींचा फोन आला. "अरे, आपल्या मंडळाच्या गणपतीच्या साइटवर कसलंतरी जुगाराचं पान उघडतंय, भाषा पण कुठली कळत नाही, मी काही दाबलं तर नाही ना चुकून?" मावशींनी काहीच चुकीचं दाबलं नव्हतं. त्यांनी व्हॉट्सॲपमधली 2024 च्या उत्सवातली जुनी लिंक उघडली, तेवढंच.

मंडळाचं खरं नाव इथं देत नाही, डोमेन example.org होतं असं धरा. मुख्य साइट त्यावर, आणि उत्सवातल्या स्पर्धांची नावनोंदणी utsav.example.org या सबडोमेनवर, म्हणजे त्याच डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेल्या नावावर. ही नोंदणीची साइट आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलानं एका फुकट होस्टिंग सेवेवर बनवून दिली होती. 17 सप्टेंबर 2024 ला विसर्जन झालं, ऑक्टोबरात बक्षिसं वाटून झाली, मग त्यानं होस्टिंगवरचा प्रोजेक्ट डिलीट केला, नावं आणि फोन नंबरांचा डेटा पण पुसला. काम नीटच केलं होतं त्यानं.

दांडिया बाजारात मीटिंग बसली तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं, साइट हॅक झाली. कोणी पासवर्ड बदलायला सांगितलं, कोणी महागडं सिक्युरिटी पॅकेज घ्यायला, आणि एका काकांनी तर डोमेनच्या अक्षरांची बेरीज अशुभ येते म्हणून नाव बदला असं सुचवलं. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं की अक्षरांच्या बेरजेला इंटरनेटवर काहीही किंमत नाही, आणि ते पॅकेज घेऊनही फरक पडला नसता, कारण आमच्याकडे कोणी घुसलंच नव्हतं. पासवर्ड सगळे सुरक्षित होते. घोळ एका ओळीचा होता:

```
utsav.example.org.  3600  IN  CNAME  mandal-utsav.hosting.example.
```

डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, हे बहुतेकांना माहीत असतं. पण वरच्या ओळीतला CNAME, म्हणजे सीनेम रेकॉर्ड, पत्ता सांगत नाही, तो दुसरं नाव सांगतो. जुन्या वाड्याच्या दारावर पाटी असते ना, "उत्सव समितीचं ऑफिस समोरच्या चाळीत, खोली 7", अगदी तसं. समितीनं खोली सोडली, किल्ली मालकाला दिली, पण वाड्याच्या दारावरची पाटी कोणी काढली नाही. उद्या खोली 7 मधे भलताच माणूस भाड्यानं आला तर आपली पाटी वाचून येणारे सगळे त्याच्याकडेच जाणार, आणि पाटी वाड्याची असल्यामुळे बिनधास्त जाणार. अशा मागे राहिलेल्या रेकॉर्डला डँगलिंग म्हणजे लोंबकळणारा रेकॉर्ड म्हणतात आणि त्याचा फायदा घेणं म्हणजे सबडोमेन टेकओव्हर.

आता खोली 7 दुसऱ्याला मिळते कशी, हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुकट होस्टिंगवाल्याकडे लाखो साइट असतात पण आयपी पत्ते मोजकेच. मग एकाच पत्त्यावर आलेल्या विनंतीला नेमकी कुठली साइट दाखवायची हे त्याला कळतं कसं? तर ब्राउझर पान मागताना सोबत नाव सांगतो:

```
GET / HTTP/1.1
Host: utsav.example.org
```

ही Host ची ओळ 1997 च्या एचटीटीपी 1.1 पासून सक्तीची आहे. होस्टिंगवाल्याकडे एक तक्ता असतो, त्यात कुठलं नाव कुठल्या खात्याचं हे लिहिलेलं असतं. तुम्ही प्रोजेक्टच्या सेटिंगमधे कस्टम डोमेन म्हणून utsav.example.org टाकता तेव्हा या तक्त्यात तुमची ओळ बनते, आणि प्रोजेक्ट डिलीट केला की ती ओळ जाते. म्हणजे नाव तक्त्यात मोकळं झालं. पण आपल्या डीएनएसमधला सीनेम तर अजून लोकांना त्याच इमारतीत पाठवतोय. आता तिसराच कोणी त्याच सेवेवर फुकट खातं उघडतो, आपल्या प्रोजेक्टच्या सेटिंगमधे utsav.example.org टाइप करतो, आणि होस्टिंगवाल्यानं वेगळा पुरावा मागितला नाही तर त्याच्या नावानं ओळ तयार होते. काही सेवा एवढंच बघतात की या नावाचा सीनेम आमच्याकडे येतो का, आणि तो तर येतच असतो, कारण तो आपणच लावून ठेवलेला! त्यानं आपलं जुनं खातं फोडलं नाही, आपल्या डीएनएसला हात लावला नाही, फक्त मोकळ्या जागेवर नाव लिहिलं.

काही सेवांमधे खोलीचं नावच परत मिळतं. मायक्रोसॉफ्टच्या ॲझूरवर ॲप डिलीट केलं की त्याचं azurewebsites.net खालचं नाव सुटू शकतं, आणि तेच नाव दुसऱ्याला घेता आलं तर तो आपल्या पाटीच्या टोकाशी येऊन बसतो. यासाठी मायक्रोसॉफ्टनंच आपल्या मार्गदर्शिकेत लोंबकळणाऱ्या रेकॉर्डबद्दल वेगळं पान दिलंय.

मीटिंगमधे एक प्रश्न आला तो महत्त्वाचा होता. "पण पत्त्याशेजारी कुलूप दिसत होतं ना त्या पानावर?" हो, दिसत होतं. कुलूप म्हणजे साइट चांगल्या माणसाची असा समज फार पसरलाय, आणि तो चूक आहे. लेट्स एन्क्रिप्टसारखी संस्था त्या कुलपासाठी लागणारं सर्टिफिकेट फुकट देताना नेहमीच्या पद्धतीत एवढंच तपासते की या नावावर ठराविक फाइल ठेवून दाखवता येते का. नावावर येणारी विनंती ज्याच्या प्रोजेक्टवर जाते त्याला ती फाइल ठेवता येणारच, म्हणून त्याला आपल्या नावाचं अगदी खरं सर्टिफिकेट मिळतं.

पण बडोद्याच्या एका मंडळाचं विसरलेलं सबडोमेन त्या लोकांना सापडलं कुठून? याचं उत्तर पण सर्टिफिकेटातच आहे. मान्यताप्राप्त संस्थांनी दिलेली सर्टिफिकेटं सार्वजनिक नोंदवहीत लिहिली जातात, नाहीतर क्रोमसारखे ब्राउझर ती मानत नाहीत, आणि crt.sh वर ती वही कोणालाही शोधता येते. आमचं utsav तिथं 2024 च्या ऑगस्टपासून होतं. नावं गोळा करायची, कुठल्या नावावर "इथं साइट नाही" असं होस्टिंगचं ठरावीक पान येतं ते बघायचं, हे सगळं स्क्रिप्ट करते, माणूस बसत नाही शोधत. आणि हीच वही आपल्या पण कामाची आहे, कारण मी मीटिंगमधेच मोबाइलवर शोधलं तर डिसेंबरातलं एक नवं सर्टिफिकेट दिसलं, म्हणजे साइट बंद केल्यानंतर जवळपास दोन महिन्यांनी काढलेलं. ते आम्ही काढलेलं नव्हतं. त्या एका तारखेवरून सगळं कळलं.

नुकसान नुसतं जुगाराच्या पानापुरतं नसतं. सभासदांच्या लॉगिनची कुकी, म्हणजे हा माणूस आधीच आत आलाय हे ओळखायला ब्राउझरमधे ठेवलेली खूण, अख्ख्या example.org साठी लावलेली असेल तर ब्राउझर ती utsav ला पण पाठवतो, म्हणजे मुख्य साइटवर लॉगिन असलेल्या माणसानं ते पान उघडलं की कुकी परक्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकते. आणि सीनेम फक्त वेबसाइटचा नसतो, तो त्या नावाबद्दलची सगळीच चौकशी दुसरीकडे पाठवतो, ईमेलचे नियम धरून. 2024 मधे गार्डिओ लॅब्ज या सायबर सुरक्षावाल्यांनी उघडकीला आणलेल्या प्रकरणात marthastewart.msn.com चा सीनेम msnmarthastewartsweeps.com या वर्षानुवर्षं सोडून दिलेल्या डोमेनकडे बोट दाखवत होता. 2022 मधे कोणीतरी ते डोमेन परत विकत घेतलं, त्यात ईमेल कुठून पाठवायची परवानगी आहे ते सांगणारा एसपीएफ रेकॉर्ड टाकला, आणि मग मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनच्या नावानं स्पॅम सुटलं ते तपासणीत पास व्हायला लागलं. अशी हजारो डोमेनं त्या टोळीच्या हातात होती.

तर साइट बंद करताना चुकतं कुठं? क्रमात. आपण आधी होस्टिंगवरचा प्रोजेक्ट उडवतो आणि डीएनएस "नंतर बघू" म्हणतो. खरा क्रम उलटा आहे. पाटी आधी काढायची, मग खोली सोडायची. रेकॉर्डमधला 3600 हा आकडा सेकंदांचा आहे, तेवढा वेळ जगभरचे डीएनएस सर्व्हर जुनं उत्तर लक्षात ठेवू शकतात, म्हणून रेकॉर्ड डिलीट केल्यावर किमान एक तास, मी तर म्हणतो एक दिवस थांबायचं, तोपर्यंत प्रोजेक्ट आपल्याच ताब्यात ठेवायचा. मग डीएनएसला नावाबद्दल विचारणारी ही कमांड चालवायची:

```
dig utsav.example.org
```

उत्तरात NXDOMAIN आलं, म्हणजे असं नावच नाही, की मग प्रोजेक्ट डिलीट करायचा. जुन्या लिंका मरू नयेत असं वाटत असेल तर रेकॉर्ड पुसण्याऐवजी तो आपल्याच मुख्य सर्व्हरकडे वळवा आणि तिथं "उत्सव संपला" असं साधं पान ठेवा. ही पण चांगली वाट आहे.

इथं आम्ही स्वतः एकदा अडकलो ते सांगतो. रेकॉर्ड पुसला तरी dig पत्ता देतच होता. बघितलं तर झोनमधे, म्हणजे डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डांच्या यादीत, * नावाचा वाइल्डकार्ड रेकॉर्ड होता, म्हणजे जे नाव वेगळं लिहिलेलं नाही त्या सगळ्यांचं उत्तर तो देतो, आणि तो पण त्याच होस्टिंगकडे बोट दाखवत होता. हे तर जास्तच वाईट, कारण मग utsav काय, कोणीही मनाला येईल ते नाव example.org च्या पुढे लावून तिथं साइट उघडू शकतो. तो काढला तेव्हा NXDOMAIN आलं.

आणि नुसत्या dig वर समाधान मानू नका. आमच्या केसमधे प्रोजेक्ट मेलेला असताना पण dig नं व्यवस्थित आयपी पत्ता दिला असता, कारण होस्टिंगवाल्याची इमारत जागेवरच असते, रिकामी असते ती खोली. म्हणून पान प्रत्यक्ष उघडून बघायला लागतं. होस्टिंगच्या छापाचं 404 चं पान दिसलं तर ते साधं "पान सापडलं नाही" नसतं, खोली रिकामी असल्याची ती खूण असते. गिटहब पेजेसवर अशा वेळी "There isn't a GitHub Pages site here." असं येतं, ॲमेझॉनच्या एस3 या फाइल साठवायच्या सेवेवर NoSuchBucket. अर्थात असा प्रत्येक रेकॉर्ड बळकावता येतोच असं नाही. गिटहबवर डोमेन आधी व्हेरिफाय करून ठेवलं, म्हणजे त्यांनी दिलेला टीएक्सटी म्हणजे मजकुराचा रेकॉर्ड आपल्या डीएनएसमधे लावून तसाच राहू दिला, तर दुसऱ्या खात्याला ते नाव वापरता येत नाही. पण कुठली सेवा आज किती पुरावा मागते हे बदलत असतं, त्याच्या भरवशावर ओळ ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे मुळात झालं काय, तर होस्टिंग त्या मुलाकडे आणि डीएनएसचं पॅनेल डोमेन विकत घेतलेल्या काकांकडे. मुलाला पॅनेल उघडता येत नव्हतं आणि काकांना प्रोजेक्ट डिलीट झाल्याचं माहीत नव्हतं. मीटिंगनंतर काकांनी अख्खा झोन छापून आणला, 14 ओळी, आणि आम्ही एकेक ओळ घेऊन विचारत गेलो की ही कोणी लावली, कशासाठी, कुठं जाते. तीन ओळींना वारस नव्हता. त्यातली एक 2019 च्या दिवाळी अंकाची, सुदैवानं ती खोली अजून रिकामी होती. तिन्ही त्याच रात्री काढल्या, आणि आता त्या कागदाच्या मागे प्रत्येक ओळीपुढे नाव आणि बंद करायची तारीख लिहिलेली आहे, पुढची तारीख अनंत चतुर्दशीनंतरची, काकांच्या अक्षरात.