पारदर्शक कटआउट : पीएनजी, वेबपी आणि एव्हीआयएफ

संकेतस्थळावर वस्तूच्या फोटोमागची पार्श्वभूमी काढून टाकली की उरतो तो कटआउट. त्यातल्या प्रत्येक पिक्सेलला रंगाखेरीज अल्फा नावाचे चौथे मूल्य असते : ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण अपारदर्शक. कडेवरच्या पिक्सेलांचे मूल्य यांच्या मधले असते आणि कटआउटची सफाई तिथेच ठरते.

१२०० × १२०० पिक्सेलांचा कोल्हापुरी चपलेचा कटआउट घेऊ. कच्चा डेटा ५७,६०,००० बाइट भरतो. त्यात अल्फाचा वाटा १४,४०,०००. हा अल्फा बहुतेक ठिकाणी एकतर ० किंवा २५५ असतो, म्हणून तो सहज आक्रसतो. फाइल जड होते ती चामड्याच्या पोतामुळे. १९९६ पासून वापरात असलेले पीएनजी काहीच टाकून देत नाही, त्यामुळे हा सगळा पोत त्याला जसाच्या तसा वाहावा लागतो.

गुगलने २०१० मध्ये आणलेले वेबपी इथे नेमका मार्ग काढते. हानीसह प्रकारात ते रंग काटछाट करून साठवते, अल्फा मात्र स्वतंत्रपणे आणि मुळात हानीविना. गुगलच्या मोजणीनुसार अशी फाइल पीएनजीच्या साधारण एक तृतीयांश होते, तर पूर्णपणे हानिरहित वेबपी सुमारे २६ टक्के लहान. अडचण एकच : हानीसह वेबपीत रंगछटा दर चार पिक्सेलांमागे एकदाच नोंदली जाते. चपलेच्या लाल गोंड्याचे बारीक धागे त्यामुळे कडेला फिके, मळकट दिसतात.

एव्हीआयएफमध्ये (२०१९) अल्फा ही वेगळी एकरंगी प्रतिमा असते आणि तिचीही काटछाट करता येते. फोटोसारख्या चित्रांत तिन्हींपैकी सर्वांत लहान फाइल सहसा हीच. पण अल्फाची गुणवत्ता फार उतरवली की शून्याच्या जागी १ किंवा २ येतो आणि चपलेभोवती धुरकट डाग उमटतात. पांढऱ्या पानावर ते लपतात, म्हणून तपासणी गडद पार्श्वभूमीवरच करावी. मऊ सावली असेल तर तिच्यात पट्टेही दिसू लागतात. अल्फात वाचणारे बाइट मुळात थोडेच, त्यामुळे बचत रंगात करावी आणि अल्फा अखंड ठेवावा, हेच शहाणपणाचे :

```
cwebp -q 80 -alpha_q 100 chappal.png -o chappal.webp
avifenc --yuv 444 -q 60 --qalpha 100 chappal.png chappal.avif
```

दुसऱ्या ओळीतले `444` प्रत्येक पिक्सेलची रंगछटा राखते आणि गोंडा लाल राहतो. फाइल मात्र थोडी वाढते.

मोजक्या सपाट रंगांच्या बोधचिन्हाला हे गणित लागू नाही. तिथे रंगपट्टीचे पीएनजी किंवा हानिरहित वेबपी सरस; हानिरहित एव्हीआयएफ उलट मोठे निघू शकते.

सफारीत वेबपी २०२० मध्ये आले, एव्हीआयएफ २०२२ मध्ये. जुन्या फोनसाठी `<picture>` मध्ये आधी एव्हीआयएफ, मग वेबपी आणि शेवटी पीएनजी देतात. मूळ प्रत म्हणूनही पीएनजीच जपावे, कारण वेबपीवरून पुन्हा एव्हीआयएफ केले तर आधीचे दोषही सोबत येतात.