परदेशी चेकची वसुली

भारताबाहेरच्या बँकेवर काढलेला, बहुधा परकीय चलनातला चेक इथल्या खात्यात भरून त्याचे रुपये करून घेण्याची पद्धत. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानुसार भारतात लिहिलेला, आणि भारतातच देय असलेला किंवा भारतातल्या रहिवाशावर काढलेला चेक तेवढा देशी. बाकीचे सगळे परदेशी. असा चेक भरल्यापासून पैसे हाती यायला तीन ते आठ आठवडे लागणे नेहमीचे आहे. लोकांना फारसे ठाऊक नसते ते पुढचे: खात्यात जमा झालेले पैसेही नंतर परत घेतले जाऊ शकतात.

बडोद्यात रावपुऱ्यातल्या शाखेत रुपयांचा चेक भरला तर त्याची प्रतिमा देशभरच्या चेक ट्रंकेशन यंत्रणेत जाते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून ही यंत्रणा दिवसभर चालू राहू लागली, त्यामुळे सकाळी भरलेल्या चेकचा निकाल त्याच संध्याकाळपर्यंत लागू शकतो. डॉलरच्या चेकला ही वाट बंद आहे. ज्या बँकेवर तो काढला आहे ती या यंत्रणेची सभासदच नाही. तो अमेरिकेत नेऊन तिथल्या क्लिअरिंगमध्येच वटवावा लागतो, आणि ते काम इथली बँक स्वतः करू शकत नाही. तिचे न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी एखाद्या मोठ्या बँकेत डॉलरचे खाते असते, त्याला नॉस्ट्रो खाते म्हणतात. ती तिथली बँक म्हणजे प्रतिनिधी बँक. चेक तिच्याकडे जातो, ती तो वटवते आणि डॉलर नॉस्ट्रोत जमा करते.

हे काम तीन प्रकारे होते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने सगळा फरक इथेच आहे. पहिला प्रकार निव्वळ वसुलीचा: चेक ज्या बँकेवर काढलेला आहे तिने पैसे दिल्याचे कळले की मगच रुपये. सर्वांत हळू, पण त्यातल्या त्यात पक्का. दुसरा कॅश लेटरचा: प्रतिनिधी बँक चेकचा गठ्ठा मिळताच नॉस्ट्रोत रक्कम टाकते, पण ती हंगामी असते. इथली बँक मग ठरावीक दिवस वाट पाहते, तेवढ्यात चेक परत आला नाही तर ग्राहकाच्या खात्यात जमा करते. तिसऱ्यात बँक जुन्या, भरवशाच्या ग्राहकाचा चेक विकतच घेते आणि लगेच पैसे देते. व्यवहाराच्या भाषेत हे उसने देणेच झाले, पण पासबुकात ते साध्या जमेसारखेच दिसते. काउंटरवर यातला कोणता प्रकार लागू होतोय ते कुणी आपणहून सांगत नाही. भरण्याच्या फॉर्मवरच्या बारीक अक्षरांत मात्र ते असते, आणि चेक परत आल्यास रक्कम खात्याला नावे टाकायला संमतीही तिथेच दिलेली असते. अलीकडे बऱ्याच बँकांनी असे चेक घेणेच थांबवले आहे किंवा शुल्क वाढवले आहे.

उदाहरणादाखल दांडिया बाजारात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचा चेक घेऊ. माहेरच्या वाड्याच्या दुरुस्तीसाठी न्यू जर्सीतल्या भावाने २,४०० डॉलरचा वैयक्तिक चेक टपालाने पाठवला. त्यावर तारीख होती 04/08/2025. बाईंनी ती ४ ऑगस्ट वाचली, म्हणजे पुढची तारीख घातलेला चेक, आणि तो कपाटात ठेवून दिला. अमेरिकेत महिना आधी लिहितात. चेक ८ एप्रिलचा होता. ऑगस्ट आला, मग गणपती आले. अनंत चतुर्दशी उरकून ८ सप्टेंबरला त्या शाखेत गेल्या. तिथला वैयक्तिक चेक सहा महिन्यांहून जुना झाला की बँकेवर तो वटवण्याचे बंधन राहत नाही, त्यामुळे मुदत ८ ऑक्टोबरला संपत होती. (भारतात ही मुदत एप्रिल २०१२ पासून तीनच महिने आहे. सवयीने तीच इकडे लावणारेही भेटतात, आणि मग चांगला चेक वाया गेला असे समजून फाडतात.)

व्यवस्थापक ओळखीचे, खाते तीस वर्षांचे. बँकेने चेक खरेदी केला आणि ९ सप्टेंबरला रुपये खात्यात टाकले. डॉलर खरेदीचा दर ८४ रुपये धरला तर २,०१,६०० रुपये. बाईंनी त्यातून गवंड्याला आगाऊ रक्कम दिली.

चेक मात्र अजून बडोद्यातच होता. शाखेतून तो बँकेच्या परकीय चलन केंद्राकडे गेला. तिथे मागच्या बाजूची सही, नावाचे स्पेलिंग, अंकी आणि अक्षरी रक्कम तपासून, शिक्का मारून तो गठ्ठ्यात लागला. गठ्ठा रोज निघत नाही, पुरेसे चेक साठले की कुरियरने जातो. न्यूयॉर्कला पोचल्यावर मात्र वेग एकदम वाढतो. २००४ पासून लागू असलेल्या 'चेक २१' कायद्यामुळे तिथे कागद फिरवावा लागत नाही, प्रतिमेवर काम होते. २२ सप्टेंबरला भावाच्या बँकेकडे चेक सादर झाला. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे पैसे द्यायचे की चेक परत करायचा हे त्या बँकेला पुढच्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत ठरवावे लागते. तिने २३ तारखेला तो परत केला, शेरा 'अकाउंट क्लोज्ड'. भावाचा मुलगा ऑगस्टमध्ये वडिलांना आपल्याकडे घेऊन गेला होता, तेव्हा जुने खाते बंद केले होते. हा चेक अजून बाहेर आहे हे दोघांच्याही लक्षात नव्हते.

निकाल लागायला एक दिवस लागला, बातमी बडोद्यात यायला तीन आठवडे. परतीची वाट उलट्या दिशेने तीच असते: प्रतिनिधी बँक नॉस्ट्रोतून रक्कम वळती करते, सूचना पाठवते, इथले केंद्र ती आपल्या यादीतल्या चेकशी जुळवते, मग शाखेला कळवते. शाखेने १४ ऑक्टोबरला बाईंच्या खात्याला रक्कम नावे टाकली, आणि ती २,०१,६०० नव्हती.

नावे टाकताना बँकेला २,४०० डॉलर बाईंना परत विकल्यासारखा हिशेब करावा लागतो, म्हणून तेव्हा विक्रीचा दर लागतो. खरेदी आणि विक्रीच्या दरांत दीड रुपयाचे अंतर धरू, आणि त्या पाच आठवड्यांत रुपया पन्नास पैशांनी घसरला असे धरू. विक्रीचा दर झाला ८६. खात्यातून गेले २,०६,४०० रुपये. फरक ४,८०० रुपयांचा. यातले ३,६०० निव्वळ दोन दरांमधल्या अंतराचे. रुपया जागचा हलला नसता तरी ते गेलेच असते. शिवाय बँकेने ३५ दिवस पैसे वापरायला दिले म्हणून १२ टक्क्यांनी व्याज लावले तर आणखी २,३२० रुपये. दोन्हीकडच्या बँकांचे परतावा शुल्क वेगळे. म्हणजे एक पैसाही न मिळता सात हजारांहून जास्त खर्च, आणि गवंड्याची रक्कम आधीच गेलेली. निव्वळ वसुलीने पाठवला असता तर शुल्कावर भागले असते. रुपये जमाच झाले नसते, त्यामुळे दोन दरांचा प्रश्नही आला नसता.

चेक परत येतो म्हणजे मूळ कागद येतो असेही नाही. बहुधा प्रतिमेची छापील प्रत येते, कारणाच्या शेऱ्यासह. तो शेरा नीट वाचावा. 'अपुरी शिल्लक' असेल तर पाठवणाऱ्याशी बोलून पुन्हा सादर करण्याला काही अर्थ असतो. 'खाते बंद', 'पेमेंट थांबवले' किंवा 'खाते सापडत नाही' असेल तर नवा चेकही मागू नये, पैसे थेट बँकेतून बँकेत स्विफ्टने मागवावेत. शेवटचा शेरा तर बनावट चेकचीही खूण असू शकतो.

बनावट चेकचे गणित याच विलंबावर उभे असते. कुणी अनोळखी माणूस जुना कॅमेरा घेतो किंवा भाषांतराचे काम देतो, ठरल्यापेक्षा मोठ्या रकमेचा चेक पाठवतो आणि 'जास्तीचे तेवढे परत करा' म्हणतो. खात्यात हंगामी जमा दिसते, ग्राहक आपले खरे रुपये पाठवून देतो, मग चेक परत येतो. अमेरिकी चेकच्या तळाशी नऊ अंकी राउटिंग क्रमांक असतो आणि यंत्रे त्यावरूनच चेक कुठे जाणार ते ठरवतात, छापलेल्या बँकेच्या नावावरून नव्हे. लबाड मंडळी नाव एका बँकेचे आणि क्रमांक दुसरीचा छापतात, म्हणजे चेक आधी चुकीच्या दारी जातो आणि तेवढे दिवस त्यांना मिळतात. या क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा फेडरल रिझर्व्हचा विभाग दाखवतात: 02 न्यूयॉर्कचा, 12 सॅन फ्रान्सिस्कोचा. कॅलिफोर्नियातल्या छोट्या बँकेच्या चेकवर 02 दिसले तर शंका घ्यावी. पुरावा मात्र तो नव्हे, कारण अनेक राज्यांत पसरलेल्या मोठ्या बँकांचे क्रमांक कुठलेही असू शकतात.

निव्वळ वसुलीनंतरची जमाही शंभर टक्के अंतिम नसते. मध्यरात्रीची ती मुदत अपुरी शिल्लक, थांबवलेले पेमेंट, बंद खाते अशा गोष्टींना लागू होते. मागची सही खोटी निघाली किंवा रक्कम खाडाखोड करून वाढवली होती असे उघड झाले, तर चेक आणणाऱ्या बँकांकडे त्यानंतरही, कधी वर्षांनी, दावा येऊ शकतो, आणि तो साखळीने ग्राहकापर्यंत पोचतो. अमेरिकी सरकारच्या ट्रेझरी चेकची मुदत एक वर्षाची असते, पण वटलेल्या चेकचे पैसेही सरकार परत मागू शकते. निवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती वारल्यावर तिच्या नावे आलेला चेक घरच्यांनी भरला, तर हे हमखास घडते. मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने तिथल्या सरकारने कागदी चेक देणे त्या सप्टेंबरअखेरपासून बहुतांशी बंद करायचे ठरवले, त्यामुळे हा प्रकार हळूहळू कमी होईल.

चेक भरताना शाखेत एकच गोष्ट विचारून ती पावतीवर लिहून घ्यावी: ही जमा हंगामी की अंतिम, आणि हंगामी असेल तर कोणत्या तारखेपर्यंत. दांडिया बाजारातल्या बाईंनी ते विचारले नव्हते. भाच्याने नंतर तेच २,४०० डॉलर आपल्या खात्यातून स्विफ्टने पाठवले, ते तिसऱ्या दिवशी जमा झाले आणि वाड्याचे छप्पर त्या दिवाळीनंतर झाले.