रेल्वेने दुचाकी नेणे (नाशिक रोड)

नाशिकमधून दुचाकी, सायकल किंवा पाळीव कुत्रा रेल्वेने न्यायचा तर शहरातून निघून नाशिक रोडच्या पार्सल ऑफिसला जावं लागतं. तिथे आधी एकच गोष्ट ठरवायची असते, लगेज की पार्सल. तिकीट आपल्याकडे असेल आणि सामान आपल्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गार्डच्या सामानाच्या डब्यात, चढवायचं असेल तर ते लगेज. आपण प्रवास करणारच नसू तर पार्सल, मग ते ज्या गाडीत जागा असेल त्या गाडीने जातं. पार्सल स्वस्त म्हणून बरेच जण तेच घ्या म्हणतात, पण शिकायला जाणाऱ्या मुलाची स्कूटर असेल आणि तिकीट हातात असेल तर लगेजच बरं वाटतं, कारण फरक फक्त वेळेचा नाही, भरपाईचाही आहे.

समजा स्कूटर 100 किलोची आहे आणि तिची किंमत 60,000 रुपये. बुकिंग करताना किंमत जाहीर केली नाही तर हरवल्यास रेल्वेची जबाबदारी पार्सलला किलोमागे 50 रुपये म्हणजे जास्तीत जास्त 5,000, आणि लगेजला किलोमागे 100 म्हणजे 10,000. यापेक्षा जास्त हवं असेल तर फॉर्मवर किंमत लिहून वरच्या रकमेवर टक्केवारीचा जादा आकार भरायचा, आणि तो भरल्याचं पावतीवर दिसतंय का ते तिथेच वाचून घ्यायचं. भरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत लेखी करावा लागतो.

भाडं अंतर आणि वजनावर ठरतं. स्कूटर-सायकलला तिकिटावरची मोफत सामानाची सवलत मिळत नाही, सायकलवाल्यांना हे खिडकीवर गेल्यावरच कळतं. स्कूटरसाठी आरसी, इन्शुरन्स आणि ओळखपत्राची झेरॉक्स लागते. टाकी पूर्ण रिकामी करायची, पेट्रोल सापडलं तर दंड होतो आणि आगीचा धोका तर आहेच. हेडलाइट, आरसे, हँडल गोणपाटाने नीट बांधायचे, वर कुठून कुठे ते आणि नाव-फोन ठळक लिहायचं. एक दिवस आधी गेलेलं बरं, कारण बऱ्याच ब्रेक व्हॅनची जागा आधीच ठेकेदारांना भाड्याने दिलेली असते आणि नाशिक रोडला बहुतेक गाड्या काही मिनिटंच थांबतात, त्यामुळे पावती झाली तरी स्कूटर मागे राहू शकते. म्हणून चढवेपर्यंत प्लॅटफॉर्मवर थांबायचं. उतरवून घेताना मूळ पावती लागते, उशीर केला तर जागाभाडं वाढत जातं.

पूर्ण पार्सल व्हॅन, म्हणजे सुमारे 23 टनांचा डबा, एका स्कूटरसाठी कोणी घेत नाही, तो शेतमालाचा आणि व्यापाऱ्यांचा मामला. 7 ऑगस्ट 2020 ला पहिली किसान रेल देवळालीहून दानापूरला निघाली ती याच प्रकारच्या डब्यांची.

कुत्रा फक्त एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लासमध्ये, तेही पूर्ण कूपे किंवा केबिन आपलं असेल तरच सोबत नेता येतो. नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये. लसीकरणाचा दाखला लागतो, आणि वाटेतलं खाणं-पाणी मालकानेच बघायचं असतं.